डच मैत्रीण ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली, तिच्या भाषेत मोकळेपणाने अभिनंदन कसं करू?

सायली_आइंडहोव्हन
नमस्कार मंडळी. माझी शेजारीण फेमके आज सकाळी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाली. वय चाळीस. आयुष्यभर सायकलवर फिरली आणि गेल्या वर्षी आईच्या आजारपणामुळे गाडी शिकायला घेतली. दोनदा नापास, आज तिसऱ्यांदा पास. मला तिचं फार कौतुक वाटतंय, कारण दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून रडली होती.

संध्याकाळी सातला तिच्याकडे कॉफीला जायचंय. इंग्रजीत "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणून मोकळी होऊ शकते, पण मला तिच्याच भाषेत बोलायचंय, आणि शुभेच्छापत्रातल्या छापील भाषेत नाही. आपण मैत्रिणीला "अगं काय सांगतेस! भारीच!" म्हणतो तसं काहीतरी हवं. क्लासमध्ये फक्त "हार्तलक ख़फेलिसितेर्त" शिकवलंय. ते पुरेल का? मेसेज नाही, तोंडाने बोलायचंय, म्हणून उच्चारासकट सांगा.

पराग_द_हेग
हार्तलक म्हणजे मनापासून, त्यामुळे चालेल, चुकीचं काहीच नाही. पण मैत्रिणीला म्हणायचं तर हार्तलक काढून टाका. नुसतं "ख़फेलिसितेर्त!" जोरात म्हणा. पुढे "यं हेप्त ख़स्लाख़्त" जोडा, म्हणजे "तू पास झालीस". झालं काम.

अमेय_रॉटरडॅम
सायली, तिला परीक्षेशिवाय लायसन्स बदलून मिळालं नसतं का? मला मिळालं. कंपनीकडून ३०% ची करसवलत असेल तर भारतीय लायसन्स थेट डच लायसन्समध्ये बदलून देतात. नसेल तर नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच भारतीय लायसन्सवर चालवता येतं, मग लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. माझ्या बायकोचं काम त्यातच सहा महिने अडकलं होतं.

सायली_आइंडहोव्हन
अमेय, फेमके डच आहे हो, जन्माने इथलीच. तिच्याकडे बदलायला दुसरं लायसन्सच नव्हतं :) पण १८५ दिवसांचं माझ्या कामाचं आहे. वेगळा धागा काढते त्यासाठी.

मीरा_उत्रेख़्त
सायली, मी २२ वर्षं इथे आहे, नवरा डच, आणि घरातल्या दोन्ही मुलांच्या परीक्षांचे दिवस जवळून पाहिलेत. सावकाश सांगते.

आधी परागची एक गोष्ट सुधारते. "यं हेप्त ख़स्लाख़्त" असं होत नाही, "यं बेन्त ख़स्लाख़्त" म्हणायचं. पास होणं या क्रियापदाला डचमध्ये "असणे" लागतं, "जवळ असणे" नाही. माझीही पहिली दोन वर्षं हीच चूक व्हायची. फेमके समजून घेईल, पण निकाल सांगतात तेव्हा "यं बेन्त ख़स्लाख़्त" हेच शब्द वापरतात. ते तिच्या कानात अजून घुमत असणार, तेच तुझ्या तोंडून आले तर तिला फार आवडेल.

दुसरं, कशाबद्दल अभिनंदन हे सांगायचं असेल तर मध्ये "मेत" येतो. मराठीत आपण "बद्दल" म्हणतो म्हणून आपल्या लोकांच्या तोंडी "फोर" येतं. "ख़फेलिसितेर्त मेत यं रेइबवेइस" म्हणायचं. रेइबवेइस म्हणजे लायसन्स. अभिनंदनाबरोबर नेहमी मेत, आणि पास होण्याबरोबर फोर: "ख़स्लाख़्त फोर यं रेइएक्सामन". वाढदिवसालाही मेतच.

आता उच्चार. इथला "ख़" आपल्या खडूतला ख नाही. उर्दू गझल गाणारे "ख़्वाब" म्हणताना घशात हलकं घासतात, तसा तो आहे. शब्दाच्या शेवटचा ड त सारखा ऐकू येतो. आणि जोर पहिल्या अक्षरावर नको, शेवटच्यावर दे: ख़फेलिसितेर्त. पहिला भाग भराभर म्हणायचा आणि "तेऽर्त" थोडं लांबवायचं. आनंद त्या लांबवण्यातून कळतो. सपाट आवाजात म्हटलं तर ऑफिसातल्या सहीच्या कार्डासारखं वाटतं.

गौरी_मास्त्रिख़्त
मीराताई, एक भर घालते. सायली आइंडहोव्हनला आहे, म्हणजे ब्राबांतमध्ये. तिथे ख़ एवढा खरखरीत नसतो. आमच्या लिंबुर्खमध्ये आणि ब्राबांतमध्ये तो मऊ असतो, घशाऐवजी टाळूजवळून हवा सोडल्यासारखा. मराठी माणसाला घासण्यापेक्षा हा मऊ उच्चार सोपा जातो, असा माझा अनुभव आहे. "ह" आणि "ख़" च्या मधलं काहीतरी म्हणून बघ.

आणि "प्रोफिसियात!" विसरू नका. आमच्याकडे सर्रास म्हणतात.

पराग_द_हेग
बेन्तबद्दल धन्यवाद मीराताई, सहा वर्षं चुकीचं बोलतोय म्हणजे.
पण प्रोफिसियात? ते बेल्जियमचं ना? इथे हेगमध्ये मी फक्त म्हाताऱ्या लोकांकडून ऐकलंय.

गौरी_मास्त्रिख़्त
हेगमध्ये नसेल ऐकू येत. मास्त्रिख़्तमध्ये माझी १९ वर्षांची मुलगी तिच्या मैत्रिणींना म्हणते. बेल्जियममध्येही म्हणतात हे खरं, पण दक्षिणेत ते आमचंही आहे. आइंडहोव्हनला दोन्ही चालेल.

मीरा_उत्रेख़्त
गौरीचं बरोबर आहे. उत्रेख़्तला मी म्हणणार नाही, आइंडहोव्हनला म्हणेन.

निखिल_अल्मेरे
सायलीताई, माझी एक चूक सांगतो, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. माझा ऑफिसातला मित्र पास झाला आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने "स्युक्सेस!" म्हणालो. इंग्रजीतलं सक्सेस डोक्यात होतं. वाटलं, यश मिळालं म्हणून हेच म्हणतात. सगळे क्षणभर गप्प. मग एकाने हळूच विचारलं, "अरे, याची आणखी एखादी परीक्षा राहिली आहे का?" डचमध्ये "स्युक्सेस" परीक्षेच्या आधी म्हणतात, आपण "यश मिळो" म्हणतो तसं. पास झालेल्या माणसाला ते म्हटलं की "पुढच्या खेपेला तरी जमो" असा वास येतो. मित्राने मनावर घेतलं नाही, पण मी घरी गेल्यावर बराच वेळ अस्वस्थ होतो.

सायली_आइंडहोव्हन
निखिल, बरं झालं सांगितलंस! सकाळी साडेसातला ती परीक्षेला निघाली तेव्हा मी खिडकीतून "गुड लक" ओरडले होते. तेव्हा स्युक्सेस म्हणायला हवं होतं, आणि आता नाही. लक्षात आलं.

मीराताई, पण ख़फेलिसितेर्तच्या पुढे काय? मला ते "भारीच गं!" हवंय.

मीरा_उत्रेख़्त
येतेच त्याच्याकडे. "वात ख़ूत फान यं!" शब्दश: "किती चांगलं, तुझ्याकडून", पण ऐकणाऱ्याला "शाब्बास गं, किती छान केलंस" असंच वाटतं. मैत्रिणीला हे अगदी योग्य. कौतुक निकालाचं न होता तिचं होतं.

काही जण "ख़ूत ख़दान" सुचवतील. अर्थ "चांगलं केलंस". वाईट नाही, पण मी टाळते, कारण शाळेतल्या बाई वहीवर तेच लिहितात. बरोबरीच्या माणसाला म्हटलं की किंचित वरून बोलल्यासारखं होतं. "क्नाप होर" चंही तसंच. स्वर उंच आणि खुला असेल तर ते मनापासूनचं कौतुक, स्वर पडला तर लहान मुलाला थोपटल्यासारखं. नवीन शिकणाऱ्याला तो स्वर सांभाळणं कठीण जातं, म्हणून सध्या नको.

आणि तिसऱ्या खेपेसाठी डचमध्ये एक अप्रतिम म्हण आहे: "द्रीमाल इस स्ख़ेप्सरेख़्त." शब्दश: "तीन वेळा हा जहाजाचा कायदा", म्हणजे तिसऱ्या खेपेला जमायचंच. समुद्रावर जगलेल्या लोकांची भाषा आहे ही. दोनदा हुकून तिसऱ्यांदा जमलं की घरोघरी म्हणतात. फेमकेसाठीच केल्यासारखी आहे.

दत्ता_सोलापूर
मी इकडून वाचतोय, डच काही कळत नाही. पण एक विचारतो. दोनदा नापास झाल्याची आठवण आनंदाच्या दिवशी काढायची का? आमच्याकडे कुणी दहावीला तिसऱ्यांदा पास झाला तर आम्ही पेढा घेतो आणि फक्त "छान झालं" म्हणतो. आकड्याचा उल्लेख करत नाही.

मीरा_उत्रेख़्त
दत्तादादा, तुमचं बोलणं योग्य आहे, आणि म्हणून एक अट घालते. फेमकेने स्वत: तिसऱ्या खेपेचा विषय काढला तरच म्हण म्हणायची. इथे लोक "मी दोनदा ख़ज़ाक्त", म्हणजे नापास, असं स्वत:हून सांगतात, लपवत नाहीत. गाडीच्या परीक्षेत एकदा नापास होणं इथे नेहमीचंच, शिवाय तास महाग, म्हणून त्याविषयी उघड बोलतात. पण सुरुवात तिने करावी.

"एइन्दलक!" म्हणजे "अखेर!" हेही कुणी सुचवेल. जवळचे डच मित्र म्हणतात आणि हसतात. सायली, तू अजून म्हणू नकोस असं मला वाटतं.

निखिल_अल्मेरे
मला एइन्दलक चालेल असं वाटतं, ती तुमच्या स्वयंपाकघरात रडली आहे म्हणजे जवळची आहे. फार तर "हे हे, एइन्दलक" असं, सुस्कारा सोडल्यासारखं. तो सुस्कारा तिच्या बाजूचा असतो.

गौरी_मास्त्रिख़्त
मी मीराताईंच्या बाजूने. सुस्काऱ्यातला गोडवा परक्या उच्चारात पोहोचेलच असं नाही.

ईशान_डेल्फ्ट
मी विद्यार्थी आहे. आमच्या घरातले डच पोरं "ख़फेलिसिफ्लाप्स्तार्त!" म्हणतात. ख़फेलिसितेर्तच्या शेवटी फडफडणारी शेपटी लावली आहे, इतकाच त्याचा अर्थ. एकदम मजेदार. तेच म्हणा!

पराग_द_हेग
माझी डच बॉस म्हणाली होती की हा शब्द ऐकला की तिला दात ओठ खावेसे वाटतात.

ईशान_डेल्फ्ट
आमच्या घरात तर सगळ्यांना आवडतो. वयाचा फरक असेल.

मीरा_उत्रेख़्त
वयाचाच नाही. माझा नवरा ५४ चा आहे आणि दर वाढदिवसाला म्हणतो, धाकटा मुलगा मात्र कान झाकतो. घराघरांचं वेगळं आहे. फेमकेच्या तोंडून आधी ऐकला असशील तर म्हण, नाहीतर राहू दे.

सायली_आइंडहोव्हन
तिच्या तोंडून ऐकलेला नाही. राहू दे मग.

आणखी एक अडचण. तिचा नवरा बास आणि तिची आई दोघंही असणार आज. त्यांना काय म्हणू? नुसतं हसून बसायचं का? आणि मी बेसनाचे लाडू केलेत, ते न्यावेत का?

गौरी_मास्त्रिख़्त
हे मला फार आवडतं इथलं. अभिनंदन फक्त पास झालेल्याचं नाही, घरच्यांचंही करतात. आईला म्हण "ख़फेलिसितेर्त मेत उ दोख़्तर", तुमच्या मुलीबद्दल अभिनंदन. बासला "मेत यं व्राउ". वाढदिवसाला हे ठरलेलंच असतं, लायसन्सला प्रत्येक जण करेल असं नाही, पण केलं की त्या आईचा चेहरा बघ.

आईसाठी "उ" म्हण, म्हणजे "तुम्ही". ती मागाहून "यं" म्हण म्हणाली तर बदल. बास आणि फेमकेला "यं" च.

मीरा_उत्रेख़्त
लाडू जरूर ने. खाऊ देण्याचा मान खरं तर पास झालेल्याचा. ती केक आणेल, ऑफिसातही तीच वाटेल. आपल्याकडे पास झालेला पेढे वाटतो अगदी तसंच. त्याला "त्राक्तेरन" म्हणतात. म्हणून तू लाडू "तुझ्या केकबरोबर" म्हणून ठेव, म्हणजे तिचं त्राक्तेरन तिचंच राहील.

आणि एक गोष्ट जपून. निघताना "आता गाडीने फिरायला ने" किंवा "सांभाळून चालव" असं आजच म्हणू नकोस. परीक्षा पास झाली म्हणून लगेच गाडी चालवता येत नाही. आधी नगरपालिकेत जाऊन लायसन्ससाठी अर्ज करायचा, फोटो द्यायचा, मग काही दिवसांनी ते गुलाबी कार्ड हातात येतं. कार्ड हातात आल्याशिवाय गाडी चालवणं बेकायदेशीर आहे. आमच्या मोठ्या मुलाला आजोबांनी पास झाल्याच्या संध्याकाळीच गाडीची किल्ली दिली होती आणि बिचाऱ्याला "अजून नाही आजोबा" असं सांगावं लागलं.

त्यापेक्षा विचार: "वानेर क्रेइख़ यं यं रोज़ पाश्य?" म्हणजे "गुलाबी कार्ड कधी मिळणार?" रोज़ पाश्य हे लायसन्सचं घरगुती नाव, कारण कार्ड गुलाबी असतं.

अमेय_रॉटरडॅम
हे खरं. मलाही नगरपालिकेतूनच घ्यावं लागलं होतं. आणि नव्या चालकाला पहिली ५ वर्षं दारूची मर्यादा कमी असते, ०.२. जुन्या चालकांना ०.५. पण म्हणून लगेच पार्टीत तिला "बॉब" ठरवून टाकू नका, म्हणजे न पिता सगळ्यांना घरी सोडणारी. माझ्या ऑफिसात पास झालेल्या प्रत्येकाला लगेच "न्यू बेन येइ द बॉप" म्हणतात. मजेने म्हणतात, पण नव्या माणसाला पहिल्या महिन्यात रात्री पाच जणांना घेऊन जायला लावणं मला पटत नाही.

सायली_आइंडहोव्हन
बरं. सगळं जमवून मी हे पाठ केलंय, तपासा:

दारातच: "हे फेमक! ख़फेलिसितेर्त! वात ख़ूत फान यं!"
आईला: "ख़फेलिसितेर्त मेत उ दोख़्तर."
बासला: "ख़फेलिसितेर्त मेत यं व्राउ."
तिने स्वत: तिसऱ्यांदाचा विषय काढला तर: "द्रीमाल इस स्ख़ेप्सरेख़्त!"
मग रोज़ पाश्य.

मीरा_उत्रेख़्त
उत्तम. नावाचा शेवटही तू बरोबर पकडलास, "फेमके" नाही, शेवटचा ए पुसट, अ सारखा होतो. "स्ख़ेप्सरेख़्त" मध्ये अडखळशील, त्याची चिंता करू नकोस. स्ख़ वर थोडी थांब, मग बाकीचं येतं.

पराग_द_हेग
गालावर तीन पाप्या?

गौरी_मास्त्रिख़्त
आमच्याकडे जवळच्यांमध्ये होतात, पण आता अनेकांनी सोडल्यात. तिच्यावर सोडायचं. ती पुढे आली तर उजवा गाल, मग डावा, मग पुन्हा उजवा.

निखिल_अल्मेरे
मला डाव्यापासून सांगितलं होतं, आणि एकदा नाकावर नाक आपटलं.

सायली_आइंडहोव्हन (रात्री ११:४०)
आले परत. सांगते.

दार बासने उघडलं, म्हणून सगळा क्रम उलटा झाला. मी आधी त्यालाच "मेत यं व्राउ" म्हणाले. तो एवढा हसला, आणि आत वळून ओरडला, "फेमक, सायली माझं अभिनंदन करतेय!" मग ती आली आणि मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. फक्त "ख़फेलिसितेर्त" निघालं, पण शेवट लांबवला. तिने मिठी मारली. पाप्या नाही.

आईला "उ दोख़्तर" म्हटलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग माझा हात धरून म्हणाली, आता मला दवाखान्यात न्यायला माझी मुलगी येणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्यांदाचा विषय फेमकेनेच काढला, केक कापताना. बोट वर करून म्हणाली, "द्री!" मी म्हण म्हणाले. स्ख़ वर थांबले, मीराताई. सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. तिने विचारलं, ही कुठे शिकलीस? मी म्हटलं, आमच्या मराठी लोकांकडून.

फेमके गुलाबी कार्डासाठी उद्या सकाळी नगरपालिकेत जातेय. कार्ड आल्यावर पहिली फेरी आईला घेऊन, दुसरी मला घेऊन. लाडू तिच्या केकच्या ताटातच ठेवले.

एक कळलं नाही. निघताना आई मला "हाउदू" म्हणाली. ते काय?

गौरी_मास्त्रिख़्त
अगं, ते ब्राबांतचं "येते हं". तुला आता घरचंच समजतात.

मीरा_उत्रेख़्त
उद्या तूही त्यांना तेच म्हण.